घसारा: स्थिर हप्ता की ऱ्हासमान शेष? एका लेथ मशीनवरून सगळे प्रश्न

अकरावीपासून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षापर्यंत विद्यार्थी घसाऱ्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सगळी एकाच मशीनवर आहेत, म्हणजे दर प्रश्नाला नवे आकडे डोक्यात घ्यावे लागणार नाहीत. वही आणि कॅल्क्युलेटर शेजारी ठेवून वाचलं तर जास्त उपयोग होईल.

मशीन कोणतं धरायचं? आकडे काय आहेत?

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक लहान वर्कशॉप आहे. पंपाचे शाफ्ट आणि बुश टर्निंग करून देणं हा त्यांचा धंदा. मालकांनी १ एप्रिल २०२१ रोजी एक लेथ मशीन घेतलं. मशीनची किंमत ४,६०,००० रुपये, ट्रकचं भाडं १५,००० रुपये, आणि सिमेंटचा पाया, वायरिंग, लेव्हलिंग असा बसवण्याचा खर्च २५,००० रुपये. मशीन दहा वर्षं चालेल आणि शेवटी भंगारात ५०,००० रुपये येतील असा अंदाज. हिशेब दरवर्षी ३१ मार्चला बंद होतात.

यावरून घसारा ज्या रकमेवर काढायचा ती मूळ किंमत ५,००,००० रुपये ठरते.

भाडं आणि पायाचा खर्च मशीनच्या किमतीत का धरायचा? आणि जीएसटी का नाही?

पायावर बसून, वायरिंग होऊन पहिला जॉब निघेपर्यंत लेथचा काही उपयोग नसतो. म्हणून मशीन कामाच्या जागी, कामाच्या स्थितीत येईपर्यंतचा आवश्यक खर्च त्याच्या किमतीचाच भाग असतो. एकदा मशीन सुरू झालं की पुढचं तेलपाणी, बेल्ट, टूल बिट हा त्या त्या वर्षाचा खर्च. नव्या मशीनवर ऑपरेटरला शिकवायला पैसे लागले, तर तेही किमतीत जात नाहीत. इथे बऱ्याच जणांचे गुण जातात.

जीएसटीचं उत्तर थोडं अटीवर आहे. ४,६०,००० वर १८ टक्के धरला तर ८२,८०० रुपये जीएसटी होतो. वर्कशॉप नोंदणीकृत असेल आणि या रकमेचं इनपुट क्रेडिट घेणार असेल, तर ते पैसे सरकारकडून वळते होणार असतात, म्हणून मशीनच्या किमतीत धरायचे नाहीत. क्रेडिट मिळणारच नसेल तर मात्र किमतीत मिळवायचे. क्रेडिटही घ्यायचं आणि त्याच रकमेवर आयकरात घसाराही घ्यायचा, हे कायद्याला चालत नाही. आपल्या वर्कशॉपने क्रेडिट घेतलं आहे असं धरू.

घसारा म्हणजे दरवर्षी मशीनची बाजारातली किंमत किती उतरली, हेच ना?

नाही. आणि हा गैरसमज आधी काढला नाही तर पुढचं सगळं चुकीच्या अंगाने कळतं.

वर्कशॉपने ५,००,००० रुपये घातले, शेवटी ५०,००० परत येतील. मधले ४,५०,००० हा दहा वर्षांच्या उत्पादनाचा खर्च आहे. तो सगळा पहिल्या वर्षाच्या माथी मारला तर त्या वर्षी तोटा दिसेल आणि पुढची नऊ वर्षं मशीन फुकट मिळाल्यासारखा नफा दिसेल. म्हणून तो दहा वर्षांत वाटायचा. या वाटपाला घसारा म्हणायचं. मशीन आज विकायला काढलं तर गिऱ्हाईक काय देईल, हे घसारा काढताना कोणी विचारत नाही. तो प्रश्न मशीन खरंच विकलं जातं तेव्हा उभा राहतो, आणि त्याचं उत्तर पुढे येईल.

दोन्ही पद्धतींत वाटायची रक्कम एकच असते. कोणत्या वर्षाच्या वाट्याला किती, एवढ्यावरच त्यांचं जमत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

स्थिर हप्ता पद्धतीने घसारा कसा काढायचा?

मूळ किमतीतून भंगार किंमत वजा करायची आणि उरलेल्या रकमेला आयुष्याच्या वर्षांनी भागायचं. ५,००,००० वजा ५०,००० म्हणजे ४,५०,०००. भागिले १०, म्हणजे दरवर्षी ४५,००० रुपये. मूळ किमतीच्या भाषेत सांगायचं तर हा दर ९ टक्के झाला.

पहिल्या वर्षी ४५,०००, सातव्या वर्षी ४५,०००, दहाव्यालाही ४५,०००. आलेखावर पुस्तकी किंमत एका सरळ रेषेत उतरते, म्हणून हिलाच सरळ रेषा पद्धतही म्हणतात. ऑफिसात सगळे एसएलएम म्हणतात.

आणि ऱ्हासमान शेष पद्धतीने?

इथे टक्केवारी स्थिर असते, पण ती लावायची दरवर्षीच्या सुरुवातीच्या शिलकेवर. आपल्या लेथला दर २० टक्के धरू. पहिल्या वर्षी ५,००,००० चे २० टक्के म्हणजे १,००,०००. शिल्लक राहिली ४,००,०००. दुसऱ्या वर्षी या ४,००,००० चे २० टक्के, म्हणजे ८०,०००. तिसऱ्या वर्षी ३,२०,००० चे २० टक्के, ६४,०००. शिल्लक घटते तसा घसाराही घटतो. ऑफिसच्या बोलीत ही डब्ल्यूडीव्ही.

दोन्ही शेजारी ठेवून पाहा:

| वर्ष (३१ मार्च) | स्थिर हप्ता: घसारा | अखेरची शिल्लक | ऱ्हासमान शेष: घसारा | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|
| २०२२ | ४५,००० | ४,५५,००० | १,००,००० | ४,००,००० |
| २०२३ | ४५,००० | ४,१०,००० | ८०,००० | ३,२०,००० |
| २०२४ | ४५,००० | ३,६५,००० | ६४,००० | २,५६,००० |
| २०२५ | ४५,००० | ३,२०,००० | ५१,२०० | २,०४,८०० |
| २०२६ | ४५,००० | २,७५,००० | ४०,९६० | १,६३,८४० |
| २०२७ | ४५,००० | २,३०,००० | ३२,७६८ | १,३१,०७२ |
| २०२८ | ४५,००० | १,८५,००० | २६,२१४ | १,०४,८५८ |
| २०२९ | ४५,००० | १,४०,००० | २०,९७२ | ८३,८८६ |
| २०३० | ४५,००० | ९५,००० | १६,७७७ | ६७,१०९ |
| २०३१ | ४५,००० | ५०,००० | १३,४२२ | ५३,६८७ |

तक्त्यात पाचवं वर्ष बघा. पहिली चार वर्षं ऱ्हासमान शेषचा घसारा जास्त आहे. पाचव्या वर्षी तो ४०,९६० होतो, म्हणजे ४५,००० च्या खाली येतो. म्हणूनच दोन शिलकांतलं अंतर चौथ्या वर्षाच्या अखेरीस सर्वांत मोठं आहे, १,१५,२०० रुपये. तिथून ते आटायला लागतं आणि दहाव्या वर्षी दोन्ही जवळपास एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात.

मग २० टक्के हा दर आला कुठून? स्थिर हप्त्याचा ९ टक्केच का नाही लावायचा?

९ टक्के लावून बघा. पहिल्या वर्षी ४५,००० येतील, म्हणजे दोन्ही सारखे. पण दुसऱ्या वर्षी ४,५५,००० चे ९ टक्के म्हणजे ४०,९५०. रक्कम पहिल्यापासूनच घटत गेली, तर दहा वर्षांनी शिल्लक सुमारे १,९५,००० राहील. भंगारात मात्र ५०,००० च येणार. जवळजवळ दीड लाखाचा खर्च वाटायचाच राहिला. म्हणून एकाच मशीनला ऱ्हासमान शेषचा दर स्थिर हप्त्याच्या दुपटीहून अधिक लागला, तर त्यात नवल नाही.

नेमका दर असा काढतात: भंगार किंमत भागिले मूळ किंमत, त्याचं आयुष्याच्या वर्षांइतकं मूळ काढायचं (इथे दहावं), आणि ते १ मधून वजा करायचं. हातानं दहावं मूळ काढायच्या भानगडीत पडू नका. एक्सेलमध्ये हे टाइप करा:

```
=1-(50000/500000)^(1/10)
```

उत्तर 0.2057 येतं, म्हणजे २०.५७ टक्के. आपण सोयीसाठी २० घेतला, म्हणून तक्त्यात शेवटी ५०,००० ऐवजी ५३,६८७ उरले. ही तक्त्यातली चूक नाही, दर पूर्णांकात घेतल्याचा परिणाम आहे.

एक्सेलमध्ये घसाऱ्याची तयार फंक्शनं आहेत. `=SLN(500000,50000,10)` ला बरोबर ४५,००० येतात. पण `=DB(500000,50000,10,1)` टाकलं की पहिल्या वर्षाचे १,०३,००० दिसतात, आणि २०.५७ टक्क्यांनी हातानं केलेल्या गणितात १,०२,८५० येतात. मुलं तासभर चूक शोधत बसतात. हे फंक्शन दर आतल्या आत तीन दशांश स्थळांपर्यंत पूर्ण करतं, म्हणजे २०.६ टक्के धरतं. फरक तेवढाच आहे.

परीक्षेत दर बहुतेक वेळा दिलेलाच असतो. तो मुकाट्याने लावायचा.

ऱ्हासमान शेषमध्ये भंगार किंमत आधी वजा करायची का?

नाही. वरच्या सूत्रात भंगार किंमत दराच्या आतच बसलेली आहे. दर काढताना एकदा आणि घसारा काढताना पुन्हा एकदा, अशी ती दोनदा वजा केली तर शिल्लक भंगार किमतीच्याही खाली जाते. गणितात दर दिलेला असेल आणि सोबत भंगार किंमतही लिहिलेली असेल, तर ती बहुधा तुम्ही गोंधळता का हे पाहायला असते. पूर्ण ५,००,००० वरच सुरुवात करा.

स्थिर हप्त्यात उलट. तिथे आयुष्य दिलं असेल तर भंगार किंमत वजा करायलाच हवी. पण "मूळ किमतीवर ९ टक्के" असा दर दिला असेल, तर दर लावून मोकळं व्हायचं.

ऱ्हासमान शेषमध्ये शिल्लक शून्य का होत नाही?

कारण दरवर्षी उरलेल्यातले २० टक्केच जातात आणि ८० टक्के मागे राहतात. कितीही वर्षं गेली तरी काहीतरी उरतंच. याच कारणाने भंगार किंमत शून्य धरून या पद्धतीचा दर काढता येत नाही. सूत्रात शून्य घातलं की उत्तर थेट १०० टक्के येतं, म्हणजे पहिल्याच वर्षी सगळं मशीन साफ. भंगारात काहीच मिळणार नसेल तर नाममात्र रक्कम धरावी लागते, नाहीतर स्थिर हप्ता वापरावा.

नोंदी कशा होतात? दोन्ही पद्धतींत वेगळ्या असतात का?

नोंदी त्याच, आकडे वेगळे. पहिल्या वर्षाची स्थिर हप्त्याची रोजकीर्द अशी:

घसारा खाते नावे ४५,०००
  यंत्र खात्याला ४५,०००

नफा-तोटा खाते नावे ४५,०००
  घसारा खात्याला ४५,०००

ऱ्हासमान शेषमध्ये ४५,००० च्या जागी १,००,००० लिहायचे, बाकी एक अक्षर बदलत नाही. कंपन्यांच्या हिशेबात घसारा थेट यंत्र खात्याला जमा न करता संचित घसारा खात्याला जमा करतात, म्हणजे यंत्र खाते मूळ ५,००,००० वरच राहतं आणि ताळेबंदात दोन्ही आकडे दिसतात. कोणती रीत वापरायची ते गणितात सांगितलेलं असतं. काहीच सांगितलं नसेल तर पहिली रीत.

याच संदर्भात एक प्रश्न हमखास येतो: घसाऱ्याचे ४५,००० रुपये जातात कुठे? कुठेच नाही. पैसे १ एप्रिल २०२१ लाच मशीनवाल्याला, ट्रकवाल्याला आणि गवंड्याला दिले गेले. नोंदीत रोख किंवा बँक खातं कुठेही नाही, हे परत वर जाऊन पाहा. घसारा आकारला म्हणून नवं मशीन घ्यायला पैसे आपोआप साठतात, हाही भ्रम आहे. नफा तेवढा कमी दिसतो, म्हणून मालक तेवढी रक्कम धंद्यातून काढत नाहीत, इतकंच.

मशीन एप्रिलऐवजी मध्येच घेतलं असतं तर?

समजा १ ऑक्टोबर २०२१ ला घेतलं. पहिल्या वर्षी ३१ मार्चपर्यंत सहाच महिने वापर झाला. स्थिर हप्त्यात ४५,००० च्या निम्मे, म्हणजे २२,५००. ऱ्हासमान शेषमध्ये १,००,००० च्या निम्मे, म्हणजे ५०,०००.

चुका होतात दुसऱ्या वर्षी. ऱ्हासमान शेषमध्ये शिल्लक आता ४,५०,००० आहे आणि पूर्ण वर्ष वापर आहे, म्हणून घसारा ९०,०००. काही जण सवयीने पुन्हा सहा महिने धरतात, काही जण ५,००,००० वरच २० टक्के काढतात. स्थिर हप्त्यात दुसऱ्या वर्षी सरळ ४५,०००, आणि उरलेले सहा महिने अकराव्या हिशेबी वर्षात येतात, तिथे शेवटचे २२,५००.

गणितात "दरसाल २० टक्के" लिहिलंय की नुसतं "२० टक्के", हेही वाचा. दरसाल असेल तर महिन्यांचा हिशेब करायचाच. ते नसेल तर पुष्कळ शिक्षक मशीन केव्हाही घेतलेलं असलं तरी पूर्ण वर्षाचा घसारा धरतात. तुम्ही जे गृहीत धराल ते उत्तराखाली एका ओळीत लिहा.

मशीन मध्येच विकलं तर एका पद्धतीत नफा आणि दुसरीत तोटा येतो. कोणतं खरं?

हा या पानावरचा सर्वांत कामाचा प्रश्न आहे, म्हणून जरा निवांत पाहू.

मूळ उदाहरणाकडे परत या. मशीन १ एप्रिल २०२१ चं. वर्कशॉपने सीएनसी घ्यायचं ठरवलं आणि हा लेथ ३० सप्टेंबर २०२४ ला २,७५,००० रुपयांना विकला, चेकने.

आधी विक्रीच्या तारखेपर्यंतचा घसारा आकारायचा. मशीन ज्या दिवशी गेलं त्या दिवशी घसारा थांबतो. ३१ मार्च २०२५ पर्यंत तो ओढायचा नाही.

स्थिर हप्त्यात ३१ मार्च २०२४ ची शिल्लक ३,६५,०००. सहा महिन्यांचा घसारा २२,५००. विक्रीच्या दिवशी पुस्तकी किंमत ३,४२,५००. मिळाले २,७५,०००. तोटा ६७,५००.

ऱ्हासमान शेषमध्ये ३१ मार्च २०२४ ची शिल्लक २,५६,०००. वर्षाचा घसारा ५१,२००, सहा महिन्यांचा २५,६००. पुस्तकी किंमत २,३०,४००. मिळाले तेच २,७५,०००. नफा ४४,६००.

मशीन तेच, गिऱ्हाईक तेच, चेकही तोच. आता साडेतीन वर्षांचा एकूण हिशेब जुळवा. स्थिर हप्त्यात घसारा तीन वर्षांचे १,३५,००० आणि सहा महिन्यांचे २२,५००, मिळून १,५७,५००. त्यात विक्रीचा तोटा ६७,५०० मिळवा: २,२५,०००. ऱ्हासमान शेषमध्ये घसारा १,००,०००, ८०,०००, ६४,००० आणि २५,६००, मिळून २,६९,६००. त्यातून विक्रीचा नफा ४४,६०० वजा करा: पुन्हा २,२५,०००.

आणि हे व्हायलाच हवं. वर्कशॉपने ५,००,००० दिले आणि २,७५,००० परत घेतले. मशीन साडेतीन वर्षं वापरण्याचा खर्च २,२५,००० होता. कोणत्याही पद्धतीला तो एक रुपयाने वाढवता किंवा कमी करता येत नाही. स्थिर हप्त्यात सुरुवातीला खर्च कमी दाखवला, तो विक्रीच्या दिवशी तोटा म्हणून वर आला. ऱ्हासमान शेषमध्ये तो जास्त दाखवला, तो नफा म्हणून परत आला. म्हणजे विक्रीवरचा हा नफा किंवा तोटा म्हणजे आधीच्या अंदाजाची दुरुस्ती आहे. मालकांनी मशीन चांगल्या भावाने विकलं की वाईट, हे त्यावरून ठरवू नका.

स्थिर हप्त्याची विक्रीची नोंद अशी होते:

बँक खाते नावे २,७५,०००
नफा-तोटा खाते नावे ६७,५००
  यंत्र खात्याला ३,४२,५००

ऱ्हासमान शेषमध्ये बँक खाते नावे २,७५,०००, यंत्र खात्याला २,३०,४०० आणि नफा-तोटा खात्याला ४४,६००. यंत्र खातं दोन्हीकडे बंद झालं पाहिजे. शिल्लक उरली तर कुठेतरी सहा महिने सुटलेत.

मग कोणती पद्धत चांगली?

"चांगली" असं काही नसतं. मशीनचा उपयोग कसा संपतो त्याला जी जुळते ती घ्यायची.

ऱ्हासमान शेषच्या बाजूने नेहमी दुरुस्तीचा मुद्दा सांगतात, आणि तो खरा आहे. नवा लेथ पहिल्या वर्षी फारसा त्रास देत नाही. सात-आठ वर्षांनी बेडचे मार्ग झिजतात, जॉबला टेपर यायला लागतो, स्पिंडलची बेअरिंगं बदलावी लागतात. समजा पहिल्या वर्षी दुरुस्ती ५,००० आणि आठव्या वर्षी ५५,०००. स्थिर हप्त्यात मशीनचा एकूण भार पहिल्या वर्षी ५०,००० आणि आठव्या वर्षी १,००,०००. ऱ्हासमान शेषमध्ये पहिल्या वर्षी १,०५,००० आणि आठव्या वर्षी सुमारे ७६,०००. दुसऱ्या जोडीतलं अंतर कमी आहे. पण पुस्तकात लिहितात तसा भार "समान" होत नाही, हेही याच आकड्यांत दिसतं. तो जरा कमी डोलतो, इतकंच म्हणता येईल.

उपयोग वर्षानुवर्षं सारखा मिळतो अशा वस्तूंना, उदाहरणार्थ ठरावीक मुदतीच्या पेटंटला किंवा भाडेपट्ट्याला, स्थिर हप्ता शोभतो. मशीनलाही तो लावता येतो आणि अनेक कंपन्या लावतात, कारण हिशेब सोपा असतो आणि पहिल्या वर्षांचा नफा दबत नाही. हे दुसरं कारण कंपन्या मोठ्याने सांगत नाहीत.

तीन वर्षांनी पद्धत बदलली तर मागचा घसारा पुन्हा काढायचा का?

इथे जुनी पुस्तकं आणि आजचं मानक वेगळं सांगतात, त्यामुळे तुमचा अभ्यासक्रम कोणता आहे ते बघा.

जुन्या रीतीत मशीन घेतल्या दिवसापासून नव्या पद्धतीने घसारा पुन्हा काढत. आपल्या लेथला तीन वर्षांत स्थिर हप्त्याने १,३५,००० आकारले गेले, ऱ्हासमान शेषने २,४४,००० आकारले असते. फरकाचे १,०९,००० बदलाच्या वर्षी एकदम नफा-तोटा खात्याला नावे टाकत.

२०१६ मध्ये सुधारित लेखा मानक १० आलं आणि जुनं मानक ६ गेलं. तेव्हापासून पद्धत बदलणं हा अंदाजातला बदल मानतात. मागे वळून बघायचं नाही. ३१ मार्च २०२४ ची ३,६५,००० ही शिल्लक तशीच घ्यायची आणि उरलेल्या सात वर्षांत ५०,००० पर्यंत उतरवायची. त्यासाठी ऱ्हासमान शेषचा दर नव्याने काढावा लागतो. तो २४.७२ टक्के येतो आणि चौथ्या वर्षाचा घसारा सुमारे ९०,२०० होतो. सरसकट २० टक्के लावून चालणार नाही.

कंपनी कायदा आणि आयकर यांत हेच आकडे चालतात का?

नाही, आणि वर्गातलं गणित ऑफिसात नेताना इथेच ठेच लागते.

कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची दोनमध्ये दर दिलेले नाहीत, आयुष्य दिलेलं आहे. सर्वसाधारण यंत्रसामग्रीला १५ वर्षं, आणि भंगार किंमत सामान्यतः मूळ किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नको. त्यावरून स्थिर हप्त्याचा दर ६.३३ टक्के आणि ऱ्हासमान शेषचा १८.१० टक्के निघतो. वरचं सूत्र घालून स्वतः पडताळून पाहा. आपलं वर्कशॉप मालकी धंदा आहे, म्हणून आपण दहा वर्षं मोकळेपणाने धरू शकलो.

आयकरात असल्या धंद्याला निवड नसते. यंत्रसामग्रीवर ऱ्हासमान शेषनेच, सर्वसाधारणपणे १५ टक्के. भंगार किंमत विचारात घेत नाहीत. या दराने आपल्या लेथचा पहिल्या वर्षीचा आयकरी घसारा ७५,००० होईल, मग पुस्तकात तुम्ही ४५,००० लिहिलेले असोत की १,००,०००.

महिन्यांचा हिशेबही तिथे नाही. खरेदीच्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्मा दर, नाहीतर पूर्ण. लेथ १५ ऑक्टोबरला घेऊन त्याच दिवशी सुरू केला असता तर ३१ मार्चपर्यंत १६८ दिवस भरले असते, म्हणजे साडेसात टक्केच. आणि विक्रीच्या वेळी त्या एका मशीनचा नफा-तोटा वेगळा काढत नाहीत. एकाच दराच्या सगळ्या मालमत्तांचा एक गट असतो आणि विक्रीची रक्कम त्या गटातून वजा होते. वर्गात एवढ्या मेहनतीने काढलेले ६७,५०० किंवा ४४,६०० आयकराच्या तक्त्यात कुठेच दिसणार नाहीत.

पेपरात उत्तर बरोबर आलंय की नाही, हे पटकन कसं तपासायचं?

स्थिर हप्त्यात दर पूर्ण वर्षाचा आकडा सारखा हवा. नसला तर तुम्ही शिलकेवर टक्के काढले. ऱ्हासमान शेषमध्ये कोणत्याही पूर्ण वर्षाच्या घसाऱ्याला आदल्या पूर्ण वर्षाच्या घसाऱ्याने भागा. दर २० टक्के असेल तर ०.८ यायला हवेत, १० टक्के असेल तर ०.९. ६४,००० भागिले ८०,००० म्हणजे ०.८, ठीक. वर्षाच्या मध्ये नवं मशीन आलं असेल तर ही चाचणी एकूण खात्यावर चालत नाही. तेव्हा प्रत्येक मशीनचा वेगळा रकाना पाडायचा आणि रकान्यागणिक तपासायचं. असा रकाना पाडायला कच्च्या कामाच्या पानावर पाच मिनिटं जातात आणि मुलं तीच वाचवायला जातात.

विक्रीचं गणित असेल तर शेवटी मूळ किमतीतून विक्रीची रक्कम वजा करा आणि घसाऱ्याची एकूण बेरीज अधिक तोटा, किंवा वजा नफा, तेवढीच येते का ते बघा. आपल्या लेथला दोन्हीकडून २,२५,००० आले होते.